एकोणचाळीस तासांचा मंगळवार

रोवेनाला आम्ही सगळे वेंग म्हणतो. मनिलाच्या विमानतळावर, लांब पल्ल्याच्या विमानांच्या चेक-इन काउंटरवर ती माझ्या शेजारी उभी असते. 'असते' म्हणायचं एवढंच, कारण वेंग एका जागी कधी नसते. कुणाची बॅग जड झाली, कुणाचा व्हिसा अडला, कुणी आजीबाई चुकून भलत्याच दारात जाऊन बसल्या, की वेंग निघालीच. तिच्या टाचा वर्षानुवर्षं फुटलेल्या आहेत आणि त्याचं तिला दुःख नाही. दुःख वेगळंच आहे.

एकवीस वर्षांपूर्वी ती आणि लोरली एकाच दिवशी हवाईसुंदरीच्या निवडीला आल्या होत्या. एकाच गल्लीतल्या, एकाच शाळेतल्या. इंग्रजी दोघींचं चांगलं, हसणं दोघींचं चांगलं. शेवटी भिंतीवर एक रेघ होती आणि टाचा उंचावून हात तिथपर्यंत पोचायला हवा होता. लोरलीचा पोचला. वेंगचा दोन बोटं खाली राहिला. "दोन बोटं गं, फक्त दोन," असं ती अजूनही सांगते आणि सांगताना बोटं दाखवते. लोरली आकाशात गेली, वेंग जमिनीवर राहिली. पुढे लोरली वेंगच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता झाली, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना 'मारे' म्हणतात. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा काकणभर वरचं मानतात. पण मारे लॉस एंजेलिसहून आली, चॉकलेटं आणि हाताला लावायचं क्रीम काउंटरवर ठेवून गेली, की वेंग ते क्रीम मला देऊन टाकायची. "घे तू. मला वास सहन होत नाही." वास चांगलाच असायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या कंपनीनं सगळ्या कर्मचाऱ्यांना मनगटावर बांधायचा एकेक पट्टा दिला. पावलं मोजणारा, झोप मोजणारा. महिनाभराची स्पर्धा होती. बक्षिसं दोन. एका तारखेला सगळ्यात जास्त पावलं चालेल त्याला भारी बूट. आणि रोज किमान आठ हजार पावलं, एकही दिवस न मोडता, सगळ्यात लांब साखळी ज्याची, त्याला सात दिवसांची भरपगारी रजा. सात दिवस! आमच्या नोकरीत सलग तीन दिवस मिळाले तरी लोक मेणबत्ती लावायला चर्चमध्ये जातात.

वेंगला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, ही स्पर्धा आपल्यासाठीच आहे. इथं हात उंचावायचा नाही, पाय चालवायचे आहेत. पहिल्याच तारखेला मात्र तिची सुट्टी होती आणि ती घरी लोळली. सात हजार सहाशे. हळहळली. दोन तारखेपासून तिनं एक दिवस सोडला नाही. वादळामुळे विमानं रद्द झाली त्या दिवशी ती टर्मिनलभर धावली आणि आकडा झाला सव्वीस हजार नऊशे बारा. कंपनीच्या फलकावर, म्हणजे फोनवर दिसणाऱ्या यादीत, तिचं नाव सर्वांत वर. जेवणाच्या सुट्टीत ती फोन मीठदाणीला टेकवून उभा करायची आणि नावाकडे बघत भात खायची.

मग बारा ऑगस्टचा मंगळवार आला.

त्या सकाळी आमच्या जुन्या प्रशिक्षक बाईंच्या पहिल्या पुण्यतिथीची चर्चमध्ये प्रार्थना होती. वेंग आणि लोरली एकाच बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या, आठ ते नऊ. त्यानंतर लोरली बाजारात गेली, घरी गेली, आणि रात्री साडेनऊच्या विमानानं लॉस एंजेलिसला निघाली.

बुधवारी दुपारी बारा वाजता वेंगनं नेहमीप्रमाणे फोन मीठदाणीला टेकवला आणि तिचा घास हातातच राहिला.

"लिगाया, हे बघ. काल लोरलीचे किती होते?"

"मला काय माहीत?"

"सकाळी बघितले तेव्हा नऊ हजार आठशे होते. आता पंचवीस हजार आहेत. मंगळवारचे!"

"असतील राहिलेले आत कुठं."

"मंगळवार संपला ना पण! आज बुधवार आहे. गेलेला दिवस कसा वाढेल?"

पण तो वाढत होता. दीड वाजता सत्तावीस हजार. वेंगचा आकडा मागे पडला. तीन वाजता तो एकतीस हजार चारशे ऐंशीवर थांबला. दुपारभर वेंग प्रवाशांच्या बॅगांना पट्ट्या लावत होती आणि दर दहा मिनिटांनी फोन काढत होती. एका गृहस्थांची बॅग तिनं टोकियोला पाठवलीच असती, मी ओढून आणली.

"ती तिकडं फिरतेय, मजा करतेय, आणि इथं माझा कालचा दिवस खातेय," वेंग म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, दात होते.

फलकावर कुणाच्याही नावावर बोट ठेवलं की त्या दिवसाची तासातासाची पावलं दिसतात. वेंगनं लोरलीचा मंगळवार उघडला. सकाळी आठ ते नऊ: दोन हजार सहाशे चाळीस.

ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आठ ते नऊ ती माझ्या शेजारी बसली होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. उठलो ते प्रसाद घ्यायला, वीस पावलं जायला नि वीस यायला."

"म्हणजे?"

"म्हणजे पट्टा दुसऱ्या कुणाच्या हातात होता. किंवा एकाच नावावर दोन पट्टे आहेत. सापडली!"

तिला इतकं खूश मी वादळाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं एफ्रेन सरांकडे लेखी तक्रार दिली. एफ्रेन सर स्पर्धेचं काम बघायचे. नवे होते, सगळ्यांना खूश ठेवायच्या खटपटीत असायचे. त्यांनी कागद वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "लोरली परत आली की सोमवारी बोलू. तोवर कुणाला सांगू नका हं."

वेंगनं कुणाला सांगितलं नाही. फक्त मला, बॅगांच्या सरकत्या पट्ट्यावर काम करणाऱ्या दोघांना, चहावालीला आणि आपल्या नवऱ्याला. शुक्रवारपर्यंत अख्ख्या टर्मिनलला ठाऊक झालं होतं की लोरलीनं पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता. कुत्रं कुठून आलं देव जाणे.

लोरली शनिवारी पहाटे चारला उतरली आणि पार्किंगपर्यंत जाईस्तोवर तिला तीन जणांनी कुत्र्याची तब्येत विचारली.

सोमवारी एफ्रेन सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मला वेंगनं साक्षीदार म्हणून ओढून नेलं होतं. लोरली गणवेशात नव्हती. साध्या कपड्यात, केस मोकळे, ती मला एकदम वयस्कर वाटली. ती सरांकडे न बघता वेंगकडे बघून बोलली.

"मारे, तुला वाटलं मी चोरी केली, तर मला फोन नाही करायचा?"

"तू विमानात होतीस."

"तीन दिवस विमानात नव्हते."

"मग सांग ना आता. आठ ते नऊ. माझ्या शेजारी बसून अडीच हजार पावलं कशी चाललीस? बसल्या बसल्या?"

"मला नाही माहीत!" लोरलीनं फोन उघडून टेबलावर ढकलला. "घे. सगळं बघ. पावलं बघ, झोप बघ, काय बघायचं ते बघ. माझ्याकडे लपवायला काही नाही."

वेंगनं फोन घेतला. तिला वाटलं होतं लोरली टाळाटाळ करेल. आता ती एकेक पान सरकवू लागली आणि सर खांद्यावरून वाकून बघू लागले. फलकावर फक्त पावलं दिसायची, लोरलीच्या स्वतःच्या फोनवर झोपही होती. मंगळवारच्या तारखेखाली दोन झोपा होत्या. पहिली सोमवारी रात्री अकरा ते पहाटे साडेपाच. फोन प्रत्येक झोप ती ज्या तारखेला संपते त्या तारखेखाली टाकतो, म्हणून ती मंगळवारची. दुसरी मंगळवारी सकाळी दहा ते दुपारी एक.

"सकाळी अकरा वाजता तुम्ही झोपलेल्या होतात?" सरांनी विचारलं.

"अकरा वाजता मी मासळीबाजारात होते."

"पण इथं दोन्ही आहे. अकरा ते बारा अकराशे पन्नास पावलं, आणि त्याच वेळी झोप." सरांना हसू आवरेना. "झोपेत बाजार करता काय?"

"बघा! दोन माणसं!" वेंग म्हणाली. "एक झोपली, एक चालली. मी म्हटलं नव्हतं?"

लोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ती खिडकीकडे वळली आणि नुसतं बोलायचं म्हणून बोलली, "दहा ते एक मी कधीच झोपत नाही. त्या दिवशी तर फक्त विमानातच झोपले, वरच्या बंकमध्ये, आमच्या झोपायच्या खणात. रात्री एक ते चार. तीन तास."

वेंगचा अंगठा पडद्यावर थांबला.

मी तिला बरोबर ओळखते. काउंटरवर एखादं तिकीट जुळत नसलं की ती अशीच थांबते आणि मग ओठ हलवत बेरीज-वजाबाकी करते. तिनं टेबलावरचा एक जुना बोर्डिंग पास उलटा केला आणि पेन मागितलं.

"रात्री एक. आपला एक. लॉस एंजेलिसचे पंधरा तास वजा केले की…" ती पुटपुटली. "सकाळचे दहा. आदल्या दिवशीचे. मंगळवारचे."

"काय?" सर म्हणाले.

वेंगनं आणखी एक आकडा मांडला. ती लिहीत राहिली. विमान उडालं मंगळवारी रात्री साडेनऊला. तेव्हा लॉस एंजेलिसला मंगळवारचीच सकाळ होती, साडेसहा. उड्डाणानंतर पहिलं जेवण वाढायचं काम आपल्या रात्री अकरा ते बारा, म्हणजे तिकडच्या सकाळी आठ ते नऊ. विमान उतरलं ते आपल्या बुधवारी सकाळी दहाला, तिकडच्या मंगळवारी संध्याकाळी सातला.

"तू दारं बंद व्हायच्या आधी फोन उघडतेस ना? पट्टा जोडून घेतेस?" तिनं लोरलीला विचारलं.

"नेहमीच. मग फोन विमान-मोडवर. उतरल्यावर तिकडची वेळ लागते, मग पुन्हा जोडते."

"झालं तर." वेंगनं पेन ठेवलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "पट्ट्याला तारीख कळतच नाही, सर. तो नुसती टिपणं ठेवतो, अमुक क्षणाला इतकी पावलं. तारीख लावतो फोन, पट्टा जोडला की, फोनवर त्या वेळी जिथली वेळ असेल तिथली. दारं बंद होईपर्यंतची नऊ हजार आठशे आपल्या मंगळवारची. विमानातली सगळी, तेरा हजार नऊशे, तिकडं उतरल्यावर जोडली गेली, म्हणून तिकडच्या मंगळवारची. आणि उतरल्यावर तिकडं मंगळवारचे पाच तास शिल्लकच होते. हिचा मंगळवार एकोणचाळीस तासांचा होता. आठ ते नऊ दोनदा वाजले. एकदा ती माझ्या शेजारी बसली होती, एकदा जेवण वाढत होती."

सरांनी बोर्डिंग पास ओढून घेऊन वाचला. मग सर म्हणाले, "तुम्हाला हे इतकं पटकन कसं…"

"रोज दोनशे लोकांना सांगते मी, तुम्ही निघालात त्याच दिवशी, निघायच्या वेळेच्या आधी पोचाल म्हणून." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "रोज. एकवीस वर्षं."

पट्टा पुरवणाऱ्या कंपनीला सरांनी फोन करून विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. एकदा लागलेली तारीख फोन बदलत नाही, नवी टिपणं मात्र चालू वेळेप्रमाणे त्याच तारखेत मिळवतो.

वेंगनं लोरलीची माफी मागितली. लोरलीनं "असू दे" म्हटलं आणि पर्स उचलून गेली. 'मारे' म्हटलं नाही.

तरी नियमाचा प्रश्न राहिलाच. एकोणचाळीस तासांचा दिवस चोवीस तासांच्या दिवसाशी कसा लढवायचा? सर म्हणाले, "वेंग, तुम्हालाच कळतं हे. तुम्हीच एक नियम लिहून द्या. मी तसाच लावतो."

वेंगनं दोन ओळी लिहून ठेवल्या. 'चोवीस तासांहून जास्त वेळ ज्या तारखेत जमा झाला असेल ती तारीख एका दिवसाच्या बक्षिसासाठी धरू नये.' मला वाचून दाखवल्या. बरोबर वाटल्या. बूट तिचे परत आले.

"छान की," मी म्हटलं. "मग तोंड असं का?"

"शुक्रवार," ती म्हणाली.

लोरलीच्या फोनवर तिनं शुक्रवारही पाहिला होता. पंधरा ऑगस्ट, सहा हजार एकशे चाळीस. परतीचं विमान लॉस एंजेलिसहून गुरुवारी रात्री साडेदहाला सुटतं. लोरलीनं या वेळी जरा आधीच, रात्री नऊला पट्टा जोडला, तोवरचा गुरुवार तिच्या नावावर जमा. पुढचं सगळं मनिलात उतरल्यावर जोडलं गेलं, आणि तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे शुक्रवार दुपारचे बारा. शुक्रवारची सकाळ तिच्या आयुष्यात उगवलीच नाही. बारा तासांच्या दिवसात सहा हजार पावलं, तीही बरीचशी वाढपात. त्या तारखेखाली झोपसुद्धा नव्हती, कारण बंकमध्ये ती आपल्या रात्री दहाला आडवी झाली आणि उठली ती शनिवार लागल्यावर. साखळी पंधराव्या दिवशी तुटली. तिच्या बाकीच्या पाळ्या हाँगकाँग-सिंगापूरच्या, तिथं घड्याळ आपलंच.

"तिला माहीत आहे?" मी विचारलं.

"तिला वाटतं ती कमी चालली. फोन परत घेताना म्हणाली ना मला, शुक्रवारी माझं बिघडलंच, जाऊ दे."

"मनिलाच्या घड्याळानं मोजलं तर?"

वेंगनं खिशात हात घातला. मग त्याच बोर्डिंग पासवर तिनं मला आकडे दाखवले. तिनं ते आधीच मांडले होते. आपल्या घड्याळानं शुक्रवार म्हणजे लॉस एंजेलिसचा गुरुवार सकाळी नऊ ते शुक्रवार सकाळी नऊ. त्यात गुरुवारची सगळी भटकंती आली आणि विमानातलं जेवणवाढपही आलं. सोळा हजारांच्या वर. बुधवार, गुरुवार, सगळे आठ हजारांच्या पुढे. साखळी अखंड, एक तारखेपासून.

"आणि तुझी दोन तारखेपासून," मी म्हटलं.

"दोन तारखेपासून." तिनं दोन बोटं वर केली आणि लगेच खाली घेतली.

मी तिला काही सुचवलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं तिनं गप्प बसावं. सात दिवस तिला मिळाले असते तर ती बिकोलला आईकडे गेली असती. आईला भेटून दीड वर्ष झालं होतं.

दोन दिवस ती दोन ओळींचा कागद खिशात घेऊन फिरली. माझ्यावर उगाच चिडत होती. एकदा म्हणाली, "एकवीस वर्षं तिला सगळं मिळत आलंय. एक शुक्रवार नाही मिळाला तर काय बिघडलं?" मी म्हटलं, काही नाही. "मग तू अशी का बघतेस?" मी कुठं बघत होते!

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्याकडे नवा कागद मागितला, काउंटरवरच उभ्यानं लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. पुढे तिनं मला सांगितलं, लिहिताना सुद्धा मत्सर होताच, जराही कमी नव्हता. "पण मीच तिला चोर म्हटलं होतं गं. आणि मग मीच चोरणार? ती झोपली कधी, उठली कधी, सगळं बघितलंय मी. तीन तास, साडेतीन तास. मला वाटायचं ती पांढऱ्याशुभ्र चादरींवर लोळते."

नव्या कागदावर एकच नियम होता. 'सर्वांचे दिवस मनिलाच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजावेत, माणूस कुठंही असो.' खाली लोरलीचा मंगळवार मांडला होता, पंधरा हजार. आणि लोरलीचा शुक्रवार, सोळा हजार दोनशे. सरांनी वाचलं आणि विचारलं, "यानं तुमचंच नुकसान होतंय, लक्षात आलंय ना?"

"माझं गणित चांगलं आहे, सर," वेंग म्हणाली.

महिनाअखेरीला निकाल लागला. बूट वेंगला. रजा लोरलीला, एकतीस दिवस अखंड. वेंग एका दिवसानं मागे, तीस. कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या. वेंगनंही वाजवल्या, पण मी शेजारी होते म्हणून सांगते, तिच्या तळव्यांचा आवाज येत नव्हता.

लोरली गर्दीतून थेट आमच्या टेबलाशी आली.

"सरांनी तुझा कागद दाखवला, मारे."

"हं."

"मला तर कळलंच नसतं. तू का लिहिलंस?"

"मला कळलं होतं ना," वेंग म्हणाली. "बस. भात घे. आज आदोबो आहे, खारट झालाय."

लोरली बसली. दोघींनी खारट आदोबो खाल्ला. लोरलीनं सांगितलं की पहिले दोन दिवस ती नुसती झोपणार आहे, आणि मग बिकोलला येते का म्हणून विचारलं, गाडी तिची, वेंगला दोन दिवसांची सुट्टी मिळाली तरी पुरे. वेंगनं लगेच हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गेली शेवटी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि परत आल्यावर चार दिवस तक्रार करत होती की मारे गाडी फार वेगात चालवते आणि आईला माझ्यापेक्षा तीच जास्त आवडली.